पहिल्यांदाच

वाचोपचार विभागात दोन मॅडम होत्या. धाकट्या मॅडम सगळ्यांशी गोड बोलायच्या, आणि मोठ्या मॅडमच्या नाकावर राग असायचा. पण पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या पेशंटसमोर मोठ्या मॅडमचा राग कुठे जायचा कोण जाणे. तिथे एका शब्दासाठी अर्धा तास थांबायची त्यांची तयारी असे. उरलेला राग मग लेखी कामावर निघायचा.

त्या दुपारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात त्यांनी परिषदेसाठी आलेला एक सारांश उघडला. परिषदेत निबंध वाचायचा तर आधी अडीचशे शब्दांत त्याचा सारांश पाठवावा लागतो, आणि तो दोन परीक्षक तपासतात; या सारांशाच्या एक परीक्षक मोठ्या मॅडम होत्या. लिहिणाऱ्याचं नाव परीक्षकांना कळत नाही. पहिल्याच ओळीवर मॅडमची भुवई वर गेली.

‘जगात पहिल्यांदाच आम्ही घरच्या माणसांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणांद्वारे वाचा परत आणणारी क्रांतिकारी पद्धत विकसित केली आहे.’

“पहिल्यांदाच म्हणे,” मॅडम मोठ्याने म्हणाल्या.

धाकट्या मॅडमनी मान वर केली. “काय झालं?”

“काही नाही. सांगायची परवानगी नाही.”

तळपायाची आग मस्तकात जायला कारण होतं. हीच पद्धत त्यांच्या सरांनी कॅसेटच्या जमान्यात वापरली होती. पेशंटच्या बायकोला, मुलीला, भावाला समोर बसवून सर रोजच्या वापरातले शब्द बोलून घ्यायचे आणि कॅसेट घरी द्यायचे. तो टेपरेकॉर्डर उचलून फिरणारी विद्यार्थिनी म्हणजे मोठ्या मॅडम. आता सर ऐंशीच्या घरात होते आणि गेल्या वर्षी त्यांनाच पक्षाघात झाला होता. जन्मभर लोकांना बोलतं केलेल्या माणसाकडे ‘हो’, ‘नको’ आणि आणखी दोनचार शब्द उरले होते. सरांच्या मोबाइलवर काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, आवाजातले शब्द भरून दिले होते. सर सराव इमानेइतबारे करायचे, काकूंना घाबरून करतात असं मॅडम चिडवायच्या. आता सरांना ‘हे मी केलं होतं’ असं सांगताही येणार नव्हतं, आणि इथे कोणीतरी त्यांचं काम साफ पुसून टाकलं होतं.

मॅडमनी शब्द मोजायला घेतले. यंत्राने दोनशे एकोणपन्नास दाखवले होते, पण मॅडमचा यंत्रापेक्षा बोटांवर विश्वास. मोजता मोजता चलाखी सापडली. ‘घरच्यांचा-आवाज-आधारित-संवाद-सराव-पद्धती’ असे शब्द जागोजागी आडव्या रेघांनी एकमेकांना बांधले होते. यंत्र मोकळ्या जागा बघून मोजतं, त्यामुळे सहा शब्दांचं हे लटांबर त्याच्या लेखी एकच शब्द होतं. गाठी सोडल्यावर आकडा तीनशेच्या पुढे गेला.

आता नाकारायला दोन कारणं झाली. मॅडमनी शेरा लिहिला: ‘नावीन्याचा दावा खोटा. शब्दमर्यादेला फसवण्याचा प्रयत्न. नाकारावा.’ लिहून गार वाटलं.

पण पाठवायच्या आधी त्या थांबल्या. आपल्याच गुरूंचा विषय, मग आपण हे तपासावं का? त्यांनी परिषदेच्या सचिवांना तसं स्पष्ट कळवलं. सचिवांचा फोन आला.

“लिहिणाऱ्याला तुम्ही ओळखता का?”

“नाही. पण मला राग आलाय.”

सचिव हसले. “राग आला तर चालेल, मॅडम. दुसरे परीक्षकही आहेतच. फक्त आधी झालंय म्हणता ते कुठे छापलंय, ते पानासकट द्या.”

पान शोधायला मॅडमनी कपाटातून त्या जुन्या परिषदेचा छापील संग्रह काढला. सरांचा निबंध त्यांना पाठ होता, असं त्यांना वाटत होतं. पण शेवटचा परिच्छेद काही आठवत नव्हता. तिथे सरांनी लिहिलं होतं: ‘आमचे पेशंट मोजकेच आहेत आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. घरच्या आवाजाने शब्द लवकर परत येतात का, हे आम्हाला सांगता येत नाही. कोणीतरी तपासून पाहावे.’

सर असेच होते. स्वतःचं काम कधी फुगवून सांगितलं नाही. विद्यार्थ्याने चार पानं वाचून दाखवली की म्हणायचे, “छान. आता काय केलंस ते एका वाक्यात सांग.” वाक्य सापडेपर्यंत घरी सोडत नसत.

त्यांनी सारांश पुन्हा वाचला, या वेळी ते एक वाक्य शोधत. ते तळाशी दबलं होतं, तेही अर्धवट लाजत लिहिलेलं. वीस पेशंट, चार आठवडे. निम्म्यांना थेरपिस्टचा आवाज, निम्म्यांना घरच्यांचा. परत आलेले शब्द दोन्ही गटांत जवळपास सारखेच. पण घरच्यांचा आवाज असलेल्यांनी सराव मात्र जवळजवळ दुप्पट केला होता.

म्हणजे सरांनी विचारलेला प्रश्न कोणीतरी तपासला होता, सरांचं नावही माहीत नसताना. उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून बिचाऱ्याने ‘क्रांतिकारी’ हा शब्द पुढे करून ते झाकलं होतं. मॅडमना त्या अनोळखी पोराची, की पोरीची, एकदम माया वाटली. त्यांनी आधीचा शेरा पुसला आणि नव्याने लिहिलं.

‘सुधारणांसह स्वीकारावा. ही पद्धत आधी वापरली गेली आहे, संदर्भ व पान सोबत देत आहे. तो निबंध जरूर वाचा, त्याच्या शेवटी तुमचाच प्रश्न आहे. “पहिल्यांदाच” आणि “क्रांतिकारी” काढा. “वाचा परत आणणारी” हेही काढा, तुमचे आकडे तसे सांगत नाहीत. शब्द वाढले नाहीत पण सराव वाढला, हे तुमचे खरे योगदान आहे; ते वर आणा आणि न लाजता सांगा. वीस पेशंटवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढू नका. शब्द रेघांनी जोडू नका. एवढे केलेत की अडीचशेत आपोआप मावेल.’

दुसऱ्या परीक्षकाचंही मत तसंच पडलं. सुधारलेला सारांश सचिवांनी स्वीकारला, आणि काही आठवड्यांनी तो परिषदेच्या पुस्तिकेत छापून आला. आता तो कोणालाही दाखवायला मोकळीक होती. मॅडम पुस्तिका घेऊन तडक सरांकडे गेल्या.

सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. काकूंनी त्यांच्या मांडीवरची शाल सारखी केली आणि त्या शेजारी बसल्या.

“सर, एक सारांश वाचते. ऐकाल?”

“हो,” सर म्हणाले.

मॅडम वाचू लागल्या. ‘पक्षाघातानंतरच्या सरावासाठी घरच्यांचा आवाज वापरण्याची पद्धत जुनी आहे.’ पुढे सरांचं नाव होतं. काकूंचा हात तोंडावर गेला. ‘त्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही तपासला. शब्द लवकर परत आले नाहीत. पण पेशंट अधिक वेळ सराव करत राहिले.’

मॅडमना पुढचं वाचवेना. आवाज सावरायला त्यांनी मान खाली घातली, तेव्हा त्यांना सरांचा डावा हात दिसला. खुर्चीच्या हातावर एक बोट टेकत होतं, दर शब्दाला एकदा, पूर्वी विद्यार्थ्यांचे सारांश ऐकताना टेकायचं तसं. मॅडम थांबल्या म्हणून तेही थांबून वाट बघत होतं.

त्यांनी उरलेला सारांश सावकाश, एकही शब्द न खाता वाचून काढला. बोट शेवटपर्यंत सोबत होतं.

वाचून झाल्यावर सरांचे ओठ हलले. शब्द आला नाही. काकू मदतीला पुढे झुकल्या, तशी मॅडमनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघी थांबल्या.

“बसलं,” सर म्हणाले.

सारांश मर्यादेत आला आणि मनासारखा झाला की सर पूर्वी हेच म्हणायचे. पक्षाघातानंतर हा शब्द कोणी ऐकला नव्हता, आणि मोबाइलमधल्या सरावातही तो कोणी भरला नव्हता.