गठ्ठ्यातला अर्ज

पोरगी गोळा फेकायची, म्हणून सगळं कॉलेज तिला तोफ म्हणायचं. नाव तिलाही आवडायचं, उगाच नाक मुरडायची इतकंच. पण त्या दिवशी परीक्षा विभागाच्या खिडकीशी ही तोफ हात जोडून उभी होती.

"अगं, मुदत शनिवारीच संपली," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. अर्ज त्यांनी उलटून पालटून पाहिला. क्रीडा संघटनेचं निवडपत्र, स्पर्धेचं वेळापत्रक, हॉलतिकिटाची प्रत, प्राचार्यांची सही, सगळं जागच्या जागी होतं. राज्य स्पर्धा आणि अर्थशास्त्राचा पेपर एकाच सकाळी होते. वीस वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं आणि राज्यात पहिल्या दोघींत येणारी पुढे देशपातळीवर जाणार होती. हेही तिने अर्जात लिहिलं होतं, अक्षर कोरून.

"बाई, एवढा एक पेपर पुढे ढकला ना."

"पेपर कुणासाठी ढकलत नाहीत गं. खेळाडूंची परीक्षा मागाहून वेगळी घेतात. तिला नवी प्रश्नपत्रिका काढून घ्यावी लागते, म्हणून तर मुदत. यादी काल मंजूर होऊन गेली." तरी त्या उठल्या, परीक्षा नियंत्रकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि गेल्या पावली परत आल्या. "नाही म्हणतात. एकीला दिली की उद्या दहा जणी दारात उभ्या राहतील म्हणे. इतके दिवस झोपली होतीस का?"

झोपली होती! निवडपत्र हातात पडलं त्याच दुपारी अर्ज लिहून तिने क्रीडाशिक्षकांना नेऊन दिला होता. खेळाडूचा अर्ज त्यांच्या सहीच्या शिफारशीशिवाय खिडकी घेतच नाही. ती तडक जिमखान्यात गेली.

सर जाळीची गाठ सोडवत बसले होते. "झालं का गं काम?"

"सर, माझा अर्ज कधी पाठवलात?"

"सोमवारी. का?"

"मुदत शनिवारपर्यंत होती."

सरांच्या हातातली जाळी खाली आली. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मागे एकदा त्यांनी एकेक अर्ज जसा येईल तसा पाठवला होता, तेव्हा नियंत्रकांनी त्यांना चारचौघांत झापलं होतं. ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं. तेव्हापासून सर सगळ्यांचे अर्ज गोळा करायचे आणि एकाच पत्रासोबत गठ्ठा पाठवायचे. या वेळी व्हॉलीबॉलच्या मुलींचे अर्ज यायचे होते. त्या मुली विभागीय सामन्यांच्या निकालाची वाट बघत होत्या. आणि विभागीयला हरल्या. त्यांची कप्तान येऊन सांगून गेली, "सर, आम्हाला आता अर्ज नको." मग गठ्ठ्यात राहिली एकटी तोफ.

"मला वाटलं, दोन दिवस इकडे तिकडे चालतं," सर म्हणाले. "मी बोलतो साहेबांशी."

"बाई बोलून आल्या."

ओरडावं, समोरचा चेंडूंचा रॅक उलथा करावा असं तिला वाटलं. पण ओरडणार कोणावर? याच माणसाने रोज पहाटे मैदानावर उभं राहून तिचा खांदा, तिचं पाऊल, तिची गिरकी घडवली होती. राग गिळावा लागतो तो असा, आणि तो काही केल्या पचत नाही.

रात्री तिने आईला फोन केला. एक विषय राहिला की वसतिगृहातली खोली जाते आणि खोली गेली की कॉलेज, हे आईला सांगायची गरज नव्हती. "जा गं बाई, बघू पुढचं पुढे," आई म्हणाली. पण म्हणायच्या आधी आई जी गप्प बसली ती पोरीला पुरेशी कळली. 

पेपरच्या सकाळी ती बाकावर बसली, तर पर्यवेक्षक म्हणून समोर सर. तिच्याबरोबर स्पर्धेला जायचं म्हणून त्यांनी सुट्टी मागितली होती; ती जात नाही म्हटल्यावर विभागाने त्यांनाच कामाला जुंपलं होतं. उत्तरपत्रिका वाटत ते तिच्याजवळ आले आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "मन लावून लिही. पुढच्या वर्षी आपण सगळ्यांचं उट्टं काढू."

तिने मान वर केली. "पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, सर. अर्जात लिहिलं होतं मी."

सर तसेच उभे राहिले. त्यांनी अर्ज वाचलाच नव्हता, नुसता गठ्ठ्यात ठेवला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, इकडे" म्हणालं, तेव्हा ते भानावर आले. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिच्या उत्तरपत्रिकेवर पर्यवेक्षकाची सही केली आणि पुढे गेले. ही सही मात्र त्यांनी लगेच केली.