कोरडा वास

मॅनेजर मॅडम चारला येणार होत्या. पावणेचार झाले होते आणि आत्या टेबलावर मांडलेल्या बारा जर्सींच्या बाह्या पुन्हापुन्हा सरळ करत होती.

हँडबॉल संघाचे कपडे म्हणजे आमच्या लाँड्रीचं निम्मं काम. मागच्या सामन्यात धुतलेल्या जर्सींना दहा मिनिटांतच असा आंबूस वास सुटला, की कप्तानाने मध्यंतरातच तक्रार केली. मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी मी स्वतः वास घेऊन बघणार. परत तेच झालं तर कपडे दुसरीकडे जातील."

अकरा जर्सी आत्याने तिच्या पद्धतीने धुतल्या होत्या. दुप्पट साबण, शेवटच्या पाण्यात फुलांच्या वासाचं सॉफ्टनर, मग ड्रायरची कडक हवा. बारावी, गोलकीपरची, सगळ्यांत कुबट, तिने काल माझ्याकडे फेकली होती. "घे. चार वर्षं रसायनं शिकलीस ना, लाव दिवे."

मी ती उलटी करून रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवली. पाण्यात एन्झाइमची पावडर आणि ऑक्सिजन ब्लीच. सकाळी बेताच्या साबणात धुतली, दोनदा जास्तीची खळबळली, सावलीत वाळवली. सॉफ्टनर अजिबात नाही.

दुपारी मी आत्याच्या एका जर्सीच्या काखेवर ओलं फडकं ठेवलं, मंद इस्त्री दहा सेकंद टेकवली आणि जर्सी तिच्या नाकाशी नेली. तिने तोंडच फिरवलं.

"हा कुठून आला? आत्ता तर फुलांचा येत होता."

"गेलाच नव्हता. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण घामातलं तेल धरून ठेवतं. जंतू त्यावरच जगतात. तुझ्या सॉफ्टनरचा थर वर बसला की साबण आत पोचत नाही. कपडा थंड आणि कोरडा असेपर्यंत सगळं गप्प. अंगाची ऊब आणि ओल मिळाली की उठतं."

माझ्या जर्सीलाही तिने तसंच इस्त्री लावून हुंगलं. दोनदा. मग घड्याळाकडे पाहिलं. अकरा जर्सी भिजवून धुवायला एक अख्खी रात्र हवी होती.

"त्या कोरडाच वास घेणार," ती म्हणाली. "तू तोंड उघडायचं नाहीस."

मॅडम बरोबर चारला आल्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी पहिली जर्सी उचलली. नाक काखेत. दुसरी. तिसरी. आत्याचा हात टेबलाची कड धरून होता. अकरावी झाली तसा मॅडमचा चेहरा सैल पडला.

"छान झालंय हो, ताई. उगाच बोलले मी तुम्हाला." त्यांनी गोलकीपरची जर्सी घेतली. "हिला मात्र कसलाच वास नाही. ही धुतली ना?"

मी ओठ मिटून घेतले. खोटं बोलावं लागत नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. उद्या सहाला सामना होता. सहा वाजून दहा मिनिटांनी सगळं उघडं पडलं असतं, पण आत्ता तरी मॅडम खूश होऊन निघाल्या असत्या.

मॅडम जर्सी पिशवीत भरू लागल्या. तिसरी जर्सी आत जाताना आत्याने पिशवी धरली.

"थांबा, मॅडम." तिने फडकं ओलं केलं. स्वतः धुतलेल्या एका जर्सीच्या काखेवर ठेवून इस्त्री टेकवली. "आता घ्या वास."

मॅडमनी घेतला आणि झटकन मान मागे केली.

"आता ही, गोलकीपरची."

त्यांनी ती बराच वेळ नाकाशी धरली. "हिला नाही येत."

"ती या पोरीने धुतली. बाकीच्या मी. चूक माझीच, सॉफ्टनर घालत बसले. उद्या दुपारपर्यंतचा वेळ द्या मला."

मॅडमनी पिशवीची चेन अर्धी लावली, उघडली, परत लावली. "तुम्ही दाखवलं नसतं तर मी घेऊन गेले असते."

"हो."

"आणि उद्या मैदानात माझं नाक कापलं गेलं असतं." त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "उद्या चारला येते. इस्त्री तापवून ठेवा. एकेक बघणार."

त्या रात्री आम्ही दोन टबांत अकरा जर्सी भिजवल्या. आत्या दर तासाला पाण्यात बोट बुडवून बघत होती, जसं काही दूध तापत ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खरंच एकेक जर्सी इस्त्री लावून हुंगली. सात नंबरच्या जर्सीपाशी थांबल्या.

"हिला अजून थोडा येतोय."

"हिला आणखी एक रात्र लागेल," आत्या म्हणाली. हे सांगायला तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"राहू दे हिला इथेच. सात नंबरला आज जादाची जर्सी देते." मॅडमनी चप्पल घातली. "सरावाचे कपडे शनिवारी पाठवते. त्यांना याहून वाईट वास येतो, आधीच सांगून ठेवते, मग म्हणू नका."

त्या गेल्यावर आत्याने सॉफ्टनरचा कॅन उचलून माळ्यावर सरकवला.

"टाकून देत नाहीये," ती म्हणाली. "चादरींना चालतंय."