चमकी नसलेला ठिपका

सर्किट बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि उत्कर्षाला तो अजिबात आवडला नाही.

एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. परत चालू. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये असलं काही नव्हतंच! त्यांच्या प्रोग्रॅमचं काम एकच: खेळण्यातल्या फोर्कलिफ्टच्या मागे कुणी आलं की सेन्सरने ओळखायचं आणि भोंगा वाजवायचा. उत्कर्षाचे पप्पा चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, कल्पना तिथूनच आली होती. आज तीन वाजता एका कंपनीचे विलास सर उत्कर्षाच्या पिंपळे गुरवच्या शाळेत येणार होते. लॅबमधल्या दोन गटांतला एकच प्रकल्प ते निवडणार, आणि तोच जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. आणि आजच भोंगा मुका! तिने मागे हात धरला, पुस्तक धरलं, शेवटी स्वतःचं डोकं नेलं. काही नाही. दिवा मात्र आपला लुकलुकतोय.

"कुणीतरी आपला प्रोग्रॅम पुसलाय," ती अंजलीच्या कानात म्हणाली.

अंजली तिची जोडीदार. तिनेच शनिवारी सगळं सामान घरी नेऊन सनबोर्डची बॉडी चिकटवून आणली होती, काय सुंदर झाली होती! एरवी बोलायला लागली की थांबायची नाही. आज ती नुसतं "हं" म्हणाली आणि कागदाचा तुकडा उगाच चुरगळत बसली.

उत्कर्षाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिचं लक्ष पलीकडच्या टेबलावर होतं. तिथे जयदीप बसला होता, दुसऱ्या गटाचा. टाकी भरली की पंप बंद करणारं त्याचं यंत्र कधीच तयार झालं होतं, म्हणून महाराज खुर्चीवर मागेपुढे झुलत होते. सकाळी लॅब उघडली तेव्हा आधी कोण होतं इथे? जयदीप. किल्ली कुणाकडे होती? जयदीपकडे. वर आता तो हसतही होता.

"ठीक आहे, प्रोग्रॅम परत टाकू," उत्कर्षा म्हणाली. तिने केबल लावली, लॅपटॉपवर अपलोडचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसली. पट्टी हळूहळू पुढे सरकली. मग खाली केशरी अक्षरं धडाधड यायला लागली. पहिला प्रयत्न, नॉट इन सिंक. दुसरा प्रयत्न, नॉट इन सिंक. दहाव्यापर्यंत तेच.

म्हणजे लॅपटॉप बोर्डाला हाका मारतोय आणि बोर्ड ओ देत नाहीये.

"केबल गेली असेल," जयदीप तिथूनच ओरडला. "ही घे माझी."

उत्कर्षाने ती संशयाने उलटीपालटी करून पाहिली आणि लावली. आता तर पोर्टच गायब! लॅपटॉपच्या यादीत बोर्डाचं नावनिशाण नाही. दिवा मात्र तसाच मजेत लुकलुकतोय.

"ही नुसती चार्जिंगची केबल आहे! हिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. मुद्दाम दिलीस ना?"

"अगं बाई, मोबाइलची दिली चुकून! मी काय सीआयडीतला गुन्हेगार वाटलो का तुला?"

"वाटतोस."

तिने आपली केबल परत लावली. पोर्ट लगेच यादीत आलं. म्हणजे आपली केबल ठणठणीत होती. पोर्ट दिसतंय, बोर्डही तोच निवडलाय, प्रोसेसरच्या खान्यात नेहमीचाच साधा पर्याय आहे, गेला महिनाभर होता तोच. यातलं काहीही बदललेलं नाही. तरी बोर्ड बोलत नाही. मग बोर्डालाच कुणी काहीतरी केलंय!

"मॅडम!" तिने हाक मारली. मंजुषा मॅडम दाराशी पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजून घेत होत्या. "मॅडम, जयदीपने आमच्या बोर्डाशी छेडछाड केलीये!"

जयदीपची खुर्ची झुलायची थांबली.

"पाहिलंस तू?" मॅडमनी विचारलं.

"पाहिलं नाही. पण किल्ली त्याच्याकडे होती."

"किल्ली माझ्याकडे रोज असते," जयदीप म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमचा बोर्ड तर शनिवारपासून अंजलीच्या घरी होता. मी काय तिच्या घरात शिरलो?"

उत्कर्षा जास्तच चिडली. मॅडम म्हणाल्या, "आधी चालू करा, मग भांडा. तीन वाजायला आलेत." आणि त्या खुर्च्यांकडे वळल्या.

जयदीप उठला, खरं तर जायलाच निघाला होता, पण यांच्या टेबलापाशी थांबला. "प्रोसेसरमध्ये ओल्ड बूटलोडर कर. आमचा बोर्ड त्याच्यावरच चालतो. स्वस्तातल्या बोर्डांचं असंच असतं."

"आमचा बोर्ड साध्यावर चालतो. तुझं ऐकून आणखी बिघडवू का?"

"नको ऐकूस," म्हणून तो आपल्या टेबलाकडे गेला.

उत्कर्षाने पाच मिनिटं बाकी सगळं करून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या खाचेत केबल घातली. रीसेटचं बटण दाबून पाहिलं. नॉट इन सिंक, नॉट इन सिंक. शेवटी जयदीपची पाठ आहे ना हे बघून तिने हळूच प्रोसेसरची यादी उघडली आणि ओल्ड बूटलोडरवर टिचकी मारली.

पट्टी सरकली. बोर्डावरचे दोन बारके दिवे भराभर फडफडले. डन अपलोडिंग!

तिने फोर्कलिफ्टच्या मागे हात नेला. भोंगा असा किंचाळला की मॅडमच्या हातातून खुर्ची सुटली.

उत्कर्षा आनंदाने उडीच मारणार होती. पण अर्ध्यातच थांबली.

बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीपासून बसवलेला छोटासा प्रोग्रॅम. लॅपटॉपकडून नवा प्रोग्रॅम तोच ऐकून घेतो. जुना बूटलोडर हळू बोलतो, नवा भरभर. लॅपटॉपने एका वेगाने हाक मारली आणि तो दुसऱ्याच वेगाने ऐकत बसला, तर दोघांना एकमेकांचं कळत नाही. हे मॅडमनी शिकवलं होतं. पण हा बूटलोडर रोज बदलत नाही. तो मुद्दाम वेगळ्या उपकरणाने बदलावा लागतो, आणि ते लॅबमध्ये नव्हतंच. मग महिनाभर साध्या पर्यायावर चालणाऱ्या बोर्डाला आज जुना पर्याय का लागला?

कारण हा तो बोर्डच नव्हता.

तिने बोर्ड उचलून उलटा केला. लॅबमधले सगळे बोर्ड सारखे दिसतात, म्हणून प्रत्येक गट आपल्या बोर्डाच्या पाठीवर खूण करायचा. यांची खूण नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका. ठिपका होता. गुलाबीही होता. पण उत्कर्षाची नेलपॉलिश चमकीवाली होती, वाढदिवसाला मिळालेली, आणि या ठिपक्यात चमकीचा एकही कण नव्हता.

म्हणजे कुणीतरी बोर्ड बदलला, आणि बदललेलं कळू नये म्हणून बसून ठिपकाही काढला. जयदीपकडे कुठून येणार गुलाबी नेलपॉलिश?

तिने मान वर केली. अंजलीच्या डाव्या हाताच्या करंगळीवर, जेमतेम अर्ध्या नखावर, तोच गुलाबी रंग होता. रंग जुळतो का ते तिने आधी तिथेच लावून पाहिलं असणार.

"अंजली."

अंजलीने करंगळी मुठीत घेतली.

"शनिवारी जळला," ती पुटपुटली. "बॉडीत बसवून एकदा चालवून बघावं म्हटलं. सेन्सर, भोंगा काढून ठेवले होते, ते वाचले. पण घरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर मी पाच व्होल्टच्या पिनवर लावला. वास आला नुसता. मग पप्पांबरोबर जाऊन चिंचवडच्या दुकानातून नवा आणला. दुकानदाराने दिवा लुकलुकताना दाखवला, नव्या बोर्डात तेवढाच प्रोग्रॅम असतो म्हणाला. मला वाटलं चांगलाय."

"आणि ठिपका?"

"मम्मीची नेलपॉलिश."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" अंजलीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मागे माझ्याकडून एक वायर तुटली तर आठवडाभर बोलली नाहीस. त्यानंतर प्रत्येक वायर मोजून घ्यायचीस माझ्याकडून. मी चोर असल्यासारखी. आज बघ, मी समोर गप्प बसलेय आणि तू जयदीपला धरलंस, तेही पुराव्याशिवाय. मला धरलं असतंस तर काय केलं असतंस?"

उत्कर्षा उत्तर देणार तेवढ्यात मॅडम दारातून विलास सरांना आत घेऊन आल्या.

सर पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. आधी त्यांनी जयदीपचा पंप पाहिला, मान डोलावली. मग इकडे आले. भोंगा ऐकला. हसले नाहीत.

"अंतर किती ठेवलंय?"

"पन्नास सेंटिमीटर, सर."

"आमच्या गोदामात एक मीटर लागेल. बदलून दाखवा. माझ्या लॅपटॉपवर." त्यांनी बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला. "लोक यूट्यूबवरून तयार प्रोग्रॅम उचलून आणतात हल्ली."

उत्कर्षाने पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम त्यांच्या लॅपटॉपवर घेतला आणि आकडा बदलला. सरांनी भिंतीवर लावलेला या प्रकल्पाचा माहितीचा तक्ता वाचला, तक्त्यात लिहिलेला साधा प्रोसेसर स्वतः निवडला आणि बटण दाबलं. नॉट इन सिंक.

"ओल्ड बूटलोडर घ्या, सर," उत्कर्षा पटकन म्हणाली.

सरांनी घेतला. चाललं. भोंगा एक मीटरवरून बोंबलला. पण सर तक्त्याकडे बोट दाखवत वळले. चष्म्यावरून बघितलं त्यांनी, अगदी मघाशी उत्कर्षाने जयदीपकडे बघितलं होतं तसंच.

"तक्त्यावर एक, बोर्डात दुसरंच. हा बोर्ड तुमचाच आहे ना? की आज कुणाचा तरी आणून लावलाय?"

जयदीप पलीकडे उभा राहिला. आता बदला घ्यायची किती मस्त संधी होती त्याला! पण त्याने ती सोडून दिली.

उत्कर्षाला वाटलं, तक्ता लिहिताना चूक झाली असं सांगून टाकावं. कुणाला कळणार होतं? तिने अंजलीच्या मुठीकडे पाहिलं, ती अजून घट्ट मिटलेली होती.

"आमचाच आहे, सर," ती म्हणाली. "पण दुसरा. पहिला शनिवारी आमच्या हातून जळला. नव्यात जुना बूटलोडर निघाला आणि तक्ता बदलायचा राहिला."

"आमच्या नाही, माझ्या," अंजली म्हणाली. "बारा व्होल्ट पाच व्होल्टच्या पिनवर लावले."

विलास सरांनी बोर्ड उलटा करून पाहिला. "हा ठिपका कसला?"

"खूण आहे, सर," उत्कर्षा म्हणाली. "अजून पूर्ण व्हायचीये."

सर पहिल्यांदा हसले. मॅडमला म्हणाले, "फोर्कलिफ्ट पाठवा. पण तक्ता दुरुस्त करून."

ते गेल्यावर उत्कर्षाने दप्तरातून चमकीची बाटली काढून अंजलीपुढे ठेवली. "तूच लाव. आणि त्या नखाचंही काहीतरी कर, अर्धवट बरं नाही दिसत."

मग ती जयदीपकडे गेली, त्याची केबल गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "सॉरी. सगळ्यांसमोर म्हणाले होते, म्हणून सगळ्यांसमोर सॉरी."

"ऐकू नाही आलं," जयदीप म्हणाला. "आपण सिंकमध्ये नाही बहुतेक."

उत्कर्षाने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. हा खरंच हसतोय की काही शिजतंय याच्या डोक्यात? तिने जास्त विचार केला नाही. पण मार्कर घेऊन तक्त्याकडे वळताना तिने किल्ली मात्र त्याच्या टेबलावरून उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवली.