दहावा माणूस

सॅमसनकाका कायमचे इस्राएलला निघाले होते. गुरुवारचं विमान होतं. त्याआधीच्या रविवारी त्यांचे वडील गेल्याचा वर्षाचा दिवस होता आणि पेणच्या सिनेगॉगमध्ये शेवटचा कद्दीश म्हणून मगच गाव सोडायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. पण गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना एकट्यादुकट्यानं म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष लागतात. पूर्वी एका आळीतून दहा निघायचे. आता काकांना पनवेल, अलिबाग, रोहा असं दारोदार फिरून दहा जमवावे लागले. त्यांतला दहावा होता रोह्याचा एझ्रा. "येतो म्हणजे येतोच," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि एझ्रा गेला नाही.

का गेला नाही, तर घरी नवा रंगीत टीव्ही होता, सकाळपासून मॅच होती, आणि कोणीतरी अकरावा असेलच की, असं या शहाण्यानं स्वतःच ठरवून टाकलं. अकरावा कुठून येणार होता? तिकडे नऊ जण सकाळपासून दुपारपर्यंत दाराकडे डोळे लावून बसले. मग ज्यांना परतीची गाडी गाठायची होती ते उठले. कद्दीश राहिला तो राहिलाच.

सोमवारी हे कळलं तेव्हा एझ्राच्या तोंडचं पाणी पळालं. तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा दहांत मोजलं होतं ते याच काकांनी. प्रार्थनेचे शब्दही त्यांनीच शिकवलेले. कंपनीतून आल्यावर तो पत्र लिहायला बसला. वाटेत खांब गावाजवळ एस.टी. बंद पडली, असं आधी लिहिलं. ते खोडून पोटात दुखत होतं असं लिहिलं. मग कंपनीतली ओढाताण, शिफ्टचा ताण, आपल्याला किती वाईट वाटतंय, झोप कशी लागत नाही, असं करत चार पानं भरली.

डेबोरानं भाकरी थापायची थांबवून ती वाचली. नवऱ्याला ती चांगलीच ओळखून होती.

"यात काका कुठं हायेत?" ती म्हणाली. "सगळे तुम्हीच. उद्या जा नि तोंडानं सांगा. काय केलंत ते सांगा, त्यांचं काय गेलं ते सांगा, नि गप बसा."

"एवढंच?"

"एवढंच जमत नाय म्हणून तर चार पानं लागली."

मंगळवारी तो रजा टाकून पेणला गेला. रामवाडीतल्या घरात काका दोरीनं ट्रंक बांधत होते. त्यांनी वर पाहिलं, "ये," म्हणाले आणि पुन्हा गाठ मारू लागले. एझ्राला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"काका, रविवारी येतो म्हणून सांगून मी आलो नाय. माझ्यामुळं तुमच्या बाबांचा कद्दीश राहिला. माझं चुकलं."

झालं. पुढं काहीच नव्हतं. एस.टी. जिभेवर आली होती, पोटदुखीही आली होती. त्यानं दात आवळून दोन्ही गिळल्या.

काका गाठ मारायचे थांबले. "का नाय आलास?"

"मॅच बघत बसलो."

याहून खाली जायला जागा उरली नव्हती. काकांनी एक शिवी हासडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं, पण तेही त्यांनी केलं नाही.

"बाकीचे बोलले, आता नाय येत तो," काका हळूच म्हणाले. "मीच त्यांना बसवून ठेवलं. बोललो, एझ्रा हाय, येणार."

एझ्राची मान वर होईना. आता माफ करा म्हणावं, पाय धरावेत, असं फार वाटलं. पण मग काकांनाच आपली समजूत काढत बसावं लागेल, हेही त्याला कळत होतं. तो तसाच उभा राहिला.

ट्रंक तशीच ठेवून काकांनी खुंटीवरची टोपी घेतली. "चल. कबरस्तानात जाऊन येऊ."

"पण दोघांनी कद्दीश..."

"कद्दीश नाय म्हणता येत. स्तोत्र म्हणता येतं."

कबरीवर गवत माजलं होतं. एझ्रानं न सांगता ते उपटलं. दगडावरची अक्षरं मोकळी झाली तसे काका खाली वाकले आणि त्यांनी दगडावर तळहात टेकला.

"बाबा, मी सॅमसन. गुरुवारी जातोय," ते म्हणाले. "कद्दीश झाला नाय. माणसं मी नीट जमवली नाय, माझं चुकलं."

"काका..." एझ्रा पुढं झाला.

"गप," काका म्हणाले आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं.