केलेराच्या झोपेला चार सुरांची गल्ली

लामीच्या खाडीकाठी पत्र्याच्या घरांची एक गल्ली आहे. तिथे कुणी शिंकलं तरी शेजारचा त्या शिंकेला साजेसा दुसरा सूर लावतो, आणि तिसरा खालची पट्टी धरतो. खोटं वाटत असेल तर आपिसाईला विचारा. त्याच्या पोटच्या पोरीवरच बेतलं होतं.

पोरगी केलेरा, आठ महिन्यांची. गालांत खळ्या, आणि झोपेशी उभा दावा. तिची आई मेरेवालेसी इस्पितळात नर्स होती. पुढच्या सोमवारपासून तिची संध्याकाळची पाळी लागणार, म्हणजे पोरीला झोपवणं आलं आपिसाईकडे. ही बातमी कादावू बेटावर आपिसाईच्या आईच्या कानी गेली. मिळेल त्या बोटीनं म्हातारी आली, दारात चटई टाकून बसली आणि म्हणाली,

"शनिवारच्या बोटीनं मी परत जाणार. तोवर तू हिला झोपवायला शिकलास तर ठीक. नाहीतर पोरगी माझ्याबरोबर. शाळेच्या वयाची झाली की पाठवते."

"आई, शाळेच्या वयाची म्हणजे पाच वर्षं!"

"मग? तूही माझ्या आईकडेच वाढलास. काय वाईट झालं? बरंच झालं की, मला झोप मिळाली."

गोष्ट चेष्टेची नव्हती. नातवंड आजीकडे जाणं तिथे रोजचंच, आणि बुबूनं, म्हणजे आजीनं, एकदा उचललेलं मूल परत मागायची कुणाची छाती नव्हती.

मेरेवालेसीनं त्याला धडा दिला. "गाणी तीन ठेव. एक आंघोळीनंतर, एक दूध पिताना, एक मच्छरदाणीत. क्रम रोज तोच. पहिलं तिच्या उड्यांच्या चालीनं सुरू कर, ती धावत असेल तर तूही धाव, मग हळूहळू चाल ओढत ने. दुसरं त्याहून संथ. शेवटचं असं, की सूर थोडे, ओळ वरून खाली उतरणारी, आणि तेच तेच परत परत. मग शब्द सोड, नुसतं गुणगुण. आणि डोळे मिटायच्या आत उठून ये, म्हणजे राहिलेली झोप ती स्वतःची स्वतः घेईल."

"भाषा कुठली?"

"तिला कुठलीच कळत नाही. मऊ लागेल ती."

पहिल्या संध्याकाळी बुबूनंच आपलं कादावूचं गाणं दिलं. मासा झोपला, शिंपला झोपला, चंद्राची होडी किनाऱ्याला लागली, असं काहीसं. चाल लाटेसारखी उतरणारी. आपिसाईनं मच्छरदाणीत बसून आवाज बारीक केला आणि सुरुवात केली. शिंपल्यापर्यंत सगळं छान. केलेराच्या पापण्या जड झाल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून मेरेवालेसीच्या भावानं, योनेनं, वरचा सूर लावला. समोरच्या घरातल्या बायकांनी मधला धरला. गुंगी आणणारं कावा पेय पीत परातीभोवती बसलेल्या पुरुषांनी खालचा. चंद्राची होडी किनाऱ्याला लागली तेव्हा चाळीस गळे लागले होते, आणि खाडीतल्या खेकड्यांनी म्हणे नांग्या वर करून ताल दिला. केलेरा उठून बसली आणि टाळ्या पिटू लागली.

आपिसाई खिडकीतून ओरडला, "अरे योने, तुझा गळा बंद कर!"

"मेव्हण्या, तू उघडा सूर टाकतोस आणि आम्हांला दोष? रस्त्यात टाकलेला नारळ कुणीही उचलणारच!"

"पोरगी उठली!"

"उठणारच. तुझा सूर ऐकून मेलेला बोकडही उठेल. आम्ही तर तो झाकत होतो!"

लामीत एकट्यानं गाणं म्हणजे एकट्यानं जेवल्यासारखं. सूर लागला की शेजाऱ्यानं त्यात आपली बाजू भरायचीच. न भरणं हा अपमान. शेजाऱ्यांची चूक नव्हती, ती माणसं सभ्य होती, एवढंच.

तेव्हा आपिसाईनं युक्ती काढली: गल्लीला न येणारी भाषा. पलीकडच्या शिऊमती काकूंकडे गेला. काकूंनी उसाच्या शेतांत राबायला आलेल्या पूर्वजांकडून आलेली आपली हिंदी अंगाई शिकवली. मधूनमधून झोका देणारी, दोनच ओळींची. "जास्त अर्थ नको शोधू, बेटा," काकू म्हणाल्या, "झोपेत अर्थ टोचतो."

जादू झाली! दुसऱ्या संध्याकाळी गल्ली कान देऊन गप्प बसली आणि केलेरा झोपली. आपिसाई छाती काढून बाहेर आला. बुबू चटईवरूनच म्हणाली, "एकदा झोपली. एकदा तर मांजरही झोपतं."

तिसऱ्या संध्याकाळी तीच अंगाई सुरू केली, आणि योनेनं वरचा सूर लावला. शब्द अगदी बरोबर! आदल्या रात्री सगळ्यांनी शिकून घेतली होती. काकूंचे यजमान तर ढोलक घेऊन आले.

मग रोटुमाच्या फेसाईतूकडून त्याच्या बेटाचं गाणं आणलं. खलाशी माणूस, त्याला वल्ह्याचंच गाणं येत होतं. ते निम्म्या चालीनं ओढल्यावर छान हेलकावे घेऊ लागलं. एक संध्याकाळ टिकलं. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली वल्ही मारत होती.

आता पेच कळला. पोरीला झोपायला रोज तेच गाणं हवं, आणि या गल्लीत कुठलंही गाणं एकच रात्र परकं राहतं. नवं गाणं एखाद्या रात्री चाललं, पण रोज नवं आणलं तर गल्ली गप्प आणि पोरगी टक्क जागी, "हे काय नवीन?" म्हणून बघत. जुनं गायलं तर पोरगी पेंगुळते आणि गल्ली जागी होते.

शुक्रवार उजाडला. बुबूनं केलेराची झबली घडी करून स्वतःच्या टोपलीत ठेवायला घेतली. चुलीवरचं नारळाच्या दुधातलं कालवण ढवळताना मेरेवालेसी पातेल्याकडे बघत होती, आणि ते ढवळणं काही थांबेना.

संध्याकाळी आपिसाई मच्छरदाणीत बसला. बारीक आवाज काढून काढून घसा पार सोलला होता. वरचा सूर निघेचना. निघाला तो त्याचा स्वतःचा, चर्चमधला. आपिसाई तिथे सगळ्यांत खालच्या पट्टीचा गायक. त्यानं आवाज लावला की बाकांचे खिळे सैल होत, असं पाद्रीच सांगे.

त्यानं काकूंची अंगाई धरली, पण नुसती खालची बाजू. चाल नाही. दोन-तीनच सूर, तेच तेच, खाली खाली. छातीवर टेकलेल्या केलेराला तो आवाज कानांपेक्षा हाडांतून जास्त आला असावा. तिनं अंगठा तोंडात घातला.

भिंतीपलीकडे योनेनं तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं. कारण तिथला रिवाज पक्का: आधी चाल उचलणारा उचलतो, मग वरचा येतो, सगळ्यांत शेवटी खालचा. खालचा एकटाच आधी आला तर बाकीच्यांनी शिरायचं कुठून? चाल सुरू व्हायची वाट बघत सगळी गल्ली आ वासून बसली. आपिसाईनं अंगाईवरून वल्ह्याचं गाणं धरलं, त्यावरून शिंपल्याचं. हिंदी, रोटुमाचं, कादावूचं, तळाशी सगळ्या भाषा सारख्याच वाजत होत्या. चाल काही आली नाही. मग त्यानं शब्दही सोडले.

केलेराचे डोळे अर्धे असताना तो हळूच बाहेर आला. पोरगी एकदा कण्हली, कूस वळली आणि झोपली.

गल्लीही झोपली होती. योने भिंतीला टेकून, तोंड उघडंच. काकूंचे यजमान ढोलकावर गाल ठेवून. कावा पिणारे परातीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. खाडीपलीकडे एक बस म्हणे उभ्या उभ्या पेंगली.

बुबू तेवढी चटईवर टक्क जागी होती. तिनं आत जाऊन मच्छरदाणी उचलून पाहिली, केलेराच्या नाकाशी बोट धरलं आणि बाहेर आली.

"उद्याही असंच गाशील?"

"हेच. याच क्रमानं."

"परवा?"

"तेच, आई."

म्हातारीनं टोपली पुढे ओढली आणि एकेक झबलं काढून मेरेवालेसीच्या मांडीवर ठेवलं. मेरेवालेसीनं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"टोपली रिकामी न्यायची म्हणजे गावात हसतील मला," बुबू पुटपुटली. तिनं भिंतीला टेकून झोपलेल्या योनेकडे बोट दाखवलं. "हा नेऊ का? झोपलाय छान."

"न्या," मेरेवालेसी म्हणाली. "शाळेच्या वयाचा झाला की पाठवा."