माझ्यावरचा तिसरा शब्द

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मला यवतच्या एका दवाखान्याच्या मागच्या दारावर ठोकलं. साल अठ्ठावन्न. मी पत्र्याची पाटी बोलतेय. रंगारी मेहमूदभाईंनी माझ्यावर लिहिलं होतं, ‘महारोग उपचार, दर मंगळवारी’.

त्या शब्दाखालून कुणी आत येईना. घरात तर तो शब्द तोंडातूनही काढत नसत. ‘त्येला मोठं दुखणं हाय’ म्हणायचे, तेही पोरांना बाहेर पिटाळून. गोळ्या देणारे पोपटराव म्हणाले, "मेहमूदभाई, पुसा हे. ‘कुष्ठरोग’ लिहा. पुस्तकी शब्द हाय, कुणाला टोचायचा न्हाई."

खरंच टोचला नाही. वर्षभर माणसं आली. पण येणाऱ्याचं घरी ताट वेगळंच, पाणी वरूनच ओतलेलं. मग शब्द तरी किती दिवस स्वच्छ राहणार? पोरं भांडताना एकमेकांना ‘ए कुष्ट्या’ म्हणू लागली.

मला पुन्हा रंगवलं, ‘त्वचारोग’.

याच शब्दाच्या भरवशावर खुटबावची नकुशी आली. कडेवर चार वर्षांची हौसा. "दादा, कोपराला चट्टा हाय. नायटाच आसंल न्हवं?" पोपटरावांनी हौसाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर पीस फिरवलं. पोरीला कळलंच नाही; चट्टा बधिर, म्हणजे तेच दुखणं. नकुशीचा चेहरा उतरला.

"बाई, येळंवर आलात. गोळ्या चुकवू नका, बरी व्हईल पोर."

ती दर मंगळवारी यायची. गावात सांगायची, कातडीच्या दवाखान्यात जाते.

पण दार मागचंच आणि वारही तोच. वर्षात ‘त्वचा’ही नासली. साधी खरूज झालेली माणसंसुद्धा माझ्याखालून यायला भिऊ लागली. पुढं तर लोक रोगाचं नावच घेईनात, नुसतं ‘मंगळवारची’ म्हणत. बिचाऱ्या वाराचीही शिवी झाली.

शेवटची आली तेव्हा नकुशी उंबऱ्यातच रडली. "पानवठ्यावर शेजारची दगडाबाई म्हनली, आगं ए मंगळवारची, घागर लांब धर. सासू म्हनती, पोरीचं लगीन व्हायचं न्हाई. न्हाई येत मी आता, दादा." हौसाची करंगळी तेव्हा जराशी वाकू लागली होती. त्याला चौदा आठवडे झाले. पोपटराव दोनदा खुटबावला गेले, तर सासूनं दार लावून घेतलं.

आज मेहमूदभाई पुन्हा कुंचला घेऊन उभे आहेत.

"चौथं काय लिहू?"

पोपटरावांनी माझ्यावरचा ‘त्वचारोग’ नखानं खरवडून पाहिला. मेहमूदभाईंनी कुंचला खाली ठेवला.

"मी रंग किती बी देईन वो. पन तुम्ही या मान्सांना मागल्या दारानंच घेनार, तर नव्या शब्दाची बी तीच गत. म्होरलं दार उघडा की! ताप-खोकल्याच्या रांगंत बसवा."

‘आजपास्नं म्होरल्या दारानं, रोज,’ म्हणत पोपटरावांनी पक्कड आणली आणि माझे खिळे उपसायला घेतले.

मला आता भंगारात टाका, चालेल. पण खुटबावकडं जाणारं कुणी असेल, तर नकुशीला गाठा. सांगा, गोळ्या आता पुढच्या दारानं, रोज, सगळ्यांच्या रांगेत मिळतात. रोगाचं तिला जे नाव घ्यायचं ते घेऊ दे, न घेऊ दे. हौसाचं बोट अजून सरळ होईल. आजच सांगा.