पंप रात्री नऊला की पहाटे तीनला

माझा आवाज मोठा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दहावीच्या वर्गात मी विज्ञान शिकवते तेव्हा बाजूच्या वर्गातली पोरं गणित सोडून माझंच ऐकतात, असं आमचे हेडमास्तर लक्ष्मणराव म्हणतात. माझं नाव रिता. शाळा सानगडीजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून.

त्या आठवड्यात भंडाऱ्याहून पत्र आलं होतं. विज्ञानाचा उतारा वाचून उत्तरं देण्याची जिल्ह्याची स्पर्धा, शाळेतून एकच विद्यार्थी, आणि शाळांनी निवडलेल्या पोरांना तीन दिवस नागपूरला प्रयोगशाळा दाखवायला नेणार. नाव शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवायचं. दहावीतली अर्धी पोरं नागपूरला कधी गेली नव्हती. सगळ्यांनाच जायचं होतं, पण प्रेरणाला जरा जास्तच. तिने तर पत्र आल्या दिवशीच मला विचारलं होतं की तिथे सूक्ष्मदर्शकाला हात लावू देतात काय.

प्रेरणा म्हणजे बुधरामची पोरगी. बुधराम मच्छीमार संस्थेचा सभासद. माझ्या डोक्यात तिची ओळख तेवढीच होती, आणि तिथेच माझा घोळ झाला.

मी वीस गुणांची चाचणी घेतली. उतारा तलावातल्या ऑक्सिजनवर होता. दिवसा पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन सोडतात, तो दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, मग घटत जातो, असं मजकुरात होतं. शेजारी आलेख, त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ, आणि शेवटी कोणत्या माशाला किमान किती ऑक्सिजन लागतो त्याचा तक्ता. शेवटचा प्रश्न चार गुणांचा: संस्थेकडे पाण्यात हवा मिसळणारा एकच पंप आहे, कतला माशाला त्रास होऊ नये म्हणून तो किती वाजता सुरू करावा, कारणासह लिहा.

उत्तरपत्रिका तपासायला मी घरी नेल्या. माझं उत्तर तयार होतं. तक्त्यात कतलाला किमान चार मिलिग्रॅम. आलेखात रेषा चारच्या खाली कुठे जाते? आडव्या अक्षावर एकवीसला. एकवीस म्हणजे रात्रीचे नऊ. झालं. कपडा दुकानवाल्या प्रफुल्लच्या अमरने बरोबर नऊ लिहिलं होतं, त्याला सतरा मिळाले. प्रेरणाने लिहिलं होतं पहाटे तीन. मी तिच्या उत्तरावर लाल पेनाने फुली मारली, शून्य दिलं, तिचे चौदा झाले. कारण वाचलंच नाही. घरचं ज्ञान उतरवलं असेल, म्हटलं, मच्छीमाराच्या पोरीला पहाट आठवणारच. मी वर्गात शंभरदा ओरडले होते की पेपरात कागदावरचं लिहा, घरचं शहाणपण घरी ठेवा.

शुक्रवारी पेपर वाटले आणि अमरचं नाव सांगितलं. लक्ष्मणरावांनी तेव्हाच ते भंडाऱ्याला फोनवरून कळवलंही. अमर खूश होता. पोरं टाळ्या वाजवत होती, आणि प्रेरणा हातात पेपर घेऊन उभी राहिली.

मला राग आला. गुण वाढवून मागायला येणाऱ्या पोरांचा मला फार राग येतो. मी तिला सरळ म्हणाले की तलावावर तुझे बाबा काय करतात ते मला सांगू नकोस, पुढे ये आणि कागदावरून सिद्ध कर, नाहीतर खाली बस. ती घाबरली होती, पण पुढे आली.

"मॅडम, मी तलावातलं नाही सांगून राहिली, कागदावरचंच सांगतो," ती म्हणाली. "धड्यात लिहून आहे, ऑक्सिजन सगळ्यात जास्त दुपारी तीनले. अन् आलेखात रेषा सगळ्यात उंच कुठं आहे?"

मी बघितलं. नऊवर.

"मंग हे नऊ म्हणजे सकाळचे नऊ कसे होतील?" तिने विचारलं. "धडा अन् चित्र एकमेकाले जुळून नव्हतं राहिलं. म्हणून मी खालची ओळ वाचली."

मी चष्मा वर सारला आणि ती बारीक ओळ वाचली. मोठ्याने वाचली, सवयच तशी. 'आडवा अक्ष: सूर्योदयापासूनचे तास. सूर्योदय सकाळी सहा वाजता.'

बापा रे. शून्य म्हणजे मध्यरात्र नव्हतीच, शून्य म्हणजे सकाळचे सहा. नऊ तास म्हणजे दुपारचे तीन, अगदी मजकुरात आहे तसं. आणि एकवीस तास म्हणजे पहाटेचे तीन. पोरीने कागदावर हेच सगळं लिहिलं होतं, चार ओळींत, तक्त्यातल्या चार मिलिग्रॅमसकट. मी फुली मारून मोकळी झाले होते. आणि चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती.

मी खडू घेतला, फळ्यावर आलेख काढला, अक्षाखाली दुसरी ओळ लिहिली: सहा, नऊ, बारा, तीन. मग पोरांना म्हणाले की ज्यांनी ज्यांनी नऊ लिहिलं आहे त्यांनी पेपर परत आणा. अमरचे सतराचे तेरा झाले. प्रेरणाचे चौदाचे अठरा. तिच्यापेक्षा जास्त कोणालाच नव्हते.

लक्ष्मणराव भले माणूस आहेत, पण फोन एकदा झाला की त्यांच्यासाठी गोष्ट संपते. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते. ते मला हळूच म्हणाले की बेरीज चुकली म्हणून सांगू, तुमची इज्जत राहील. खोटं कायला बोलू, मला मोह झाला. वीस वर्षांत मी कधी वर्गासमोर चुकले नव्हते, निदान पोरांनी पकडलं नव्हतं. पण पोरगी दारात उभी होती. मी फोन हातात घेतला आणि स्पर्धेचं काम बघणाऱ्या भंडाऱ्याच्या बाईंना सांगितलं, बेरीज बरोबर होती, आलेखाखालची ओळ मी वाचली नव्हती, माझं उत्तरच चुकलं. पलीकडच्या बाई हसल्या. नवीन नाव सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, "प्रेरणा बुधराम दिघोरे," आणि माझा आवाज तलावापलीकडे गेला असेल.

वर्गात परत आले तर अमरचं तोंड पडलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं, चूक माझी आणि नागपूर त्याचं गेलं. ते मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, असू द्या मॅडम, मीही नव्हती वाचली ती ओळ. मग त्याने प्रेरणाला विचारलं की तुला पहिल्यापासून माहीत होतं काय.

"नाही बा," ती म्हणाली. "मलेही पहिले रात्रीचे नऊच वाटले होते."

मला राहवलं नाही. तुझे बाबा पहाटे तलावावर जात असतील, म्हटलं, त्यांच्याकडून थोडं तरी ऐकलं असशील.

प्रेरणाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिची विद्यार्थिनी. "माहे बाबा तर संस्थेचा हिशोब लिहितात, मॅडम," ती म्हणाली. "ते आठ वाजेपर्यंत उठतच नाहीत. पाण्याले भेतात."

अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसले, आणि हसता हसता मला त्या पोरीसमोर स्वतःची मनापासून लाज वाटली.